नकार मिळाल्यावर मेंदूत नेमकं काय दुखतं?

प्रेमात नकार मिळालेला माणूस कळवळून बोलायला लागला, की त्याला कोणी ना कोणी हमखास ऐकवतं, ‘अरे, हे तर शास्त्रानं सिद्ध झालंय. हाड मोडलं काय आणि मन मोडलं काय, मेंदूला दोन्ही सारखंच.’ गेली पंधरा-वीस वर्षं हे वाक्य लेखांतून, व्हिडिओंतून फिरतंय. ते कुणी हवेत सोडलेलं नाही. त्यामागे नावाजलेल्या संशोधकांचे प्रयोग आहेत. पण त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे तोच प्रश्न अधिक बारकाईनं तपासला आणि उत्तर बरंच बदललं. पहिली बातमी जगभर गेली, दुसरीची फारशी कुणी दखल घेतली नाही. माझ्या मते दुसरीच जास्त कामाची आहे, कारण नकार इतका जिव्हारी का लागतो हे तिच्यामुळे जास्त नीट कळतं.

आधी पहिला प्रयोग पाहू. 2011 साली ईथन क्रॉस, टोर वेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 माणसं निवडली. अट अशी, की गेल्या सहा महिन्यांत ब्रेकअप झालेलं असावं, ते त्या व्यक्तीला नको असताना झालेलं असावं आणि त्याची आठवण अजूनही सलत असावी. प्रत्येकानं येताना दोन फोटो आणायचे होते. एक सोडून गेलेल्या जोडीदाराचा आणि दुसरा एखाद्या चांगल्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा, पण जोडीदार पुरुष असेल तर मित्राचा, स्त्री असेल तर मैत्रिणीचा.

मग त्या व्यक्तीला एमआरआयच्या नळीत झोपवलं. समोर पडद्यावर जोडीदाराचा चेहरा यायचा आणि नातं तुटलं त्या वेळी काय वाटलं होतं ते मनात आणायचं. थोड्या वेळानं चेहरा जायचा आणि आत्ता किती वाईट वाटतंय त्याला गुण द्यायचे. मधे एक साधं, लक्ष गुंतवणारं काम, म्हणजे मागच्या फेरीचं दुःख पुढच्या फेरीत सांडू नये. मग मित्राचा फोटो, आणि त्याच्याबरोबरची एखादी छान आठवण. या फेऱ्या झाल्या की दुसरा भाग. डाव्या हाताच्या पुढच्या भागावर एक छोटी तापणारी पट्टी बांधलेली असायची. ती कधी नुसती कोमट व्हायची, तर कधी चटका बसेल इतकी गरम. इजा होऊ नये, पण चांगलंच दुखावं, इतकं तापमान प्रत्येकासाठी आधीच ठरवून घेतलेलं होतं.

आता वजाबाकी. जोडीदाराच्या फोटोच्या वेळची मेंदूची हालचाल वजा मित्राच्या फोटोच्या वेळची हालचाल, म्हणजे ‘नकाराचं दुःख’. चटक्याच्या वेळची वजा कोमट स्पर्शाच्या वेळची, म्हणजे ‘शरीराचं दुःख’. ही दोन चित्रं एकमेकांवर ठेवली तेव्हा काही भाग दोन्हीकडे उजळलेले दिसले.

यात नवल वाटण्यासारखं काय होतं, ते कळायला वेदनेचे दोन पदर वेगळे करून पाहावे लागतात. चटका बसतो तेव्हा मेंदू दोन कामं करतो. कुठे, किती, कसं दुखतंय याची नोंद हे एक काम. ‘नको, नको, थांबव हे’ हा त्रास हे दुसरं. त्रासाशी जोडले जाणारे भाग, म्हणजे मेंदूच्या मधल्या फटीलगतचा अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि कानाच्या वरच्या बाजूला आत दडलेल्या इन्सुलाचा पुढचा भाग, सामाजिक दुःखातही जागे होतात असं 2003 सालापासून बोललं जात होतं. त्या वर्षी नेओमी आयझेनबर्गर यांच्या गटानं 13 जणांना संगणकावर तिघांत चेंडू फेकाफेकी करायला लावली आणि मग अचानक त्यांना चेंडू द्यायचंच बंद केलं. वगळलं गेल्याचं ज्याला जास्त लागलं, त्याचा सिंग्युलेटही जास्त तापलेला होता. क्रॉस यांच्या प्रयोगानं याच्या पुढची पायरी गाठली. तिथे नोंद ठेवणारे भागही उजळले, म्हणजे दुय्यम संवेदी कॉर्टेक्स आणि इन्सुलाचा मागचा भाग. फोटो पाहून त्रास होणं समजू शकतं, पण शरीराला काहीही लागलेलं नसताना शारीरिक संवेदनेचं खातंही उघडतं? मथळे झाले ते यामुळे.

अडचण एवढीच, की मेंदूच्या चित्रात एखादा भाग उजळला म्हणजे तिथे काय चाललंय हे आपल्याला कळलं, असं होत नाही. ‘चटका बसला की हा भाग जागा होतो’ हे खरं. त्यावरून ‘हा भाग जागा आहे, म्हणजे दुखतंय’ असं उलटं अनुमान काढलं की घोटाळा सुरू होतो. सिंग्युलेटचंच बघा. तो वेदनेत जागा होतो, तसा अवघड गणित सोडवताना, चूक झाल्यावर, अपेक्षेपेक्षा काही वेगळं घडल्यावरही जागा होतो. 2006 साली लिआ सॉमरव्हिल यांच्या गटानं हे दोन धागे सोडवून पाहिले. अनोळखी माणसांना आपण आवडू की नाही याचा अंदाज आधी बांधायचा आणि मग त्यांचा कौल पाहायचा, असा तो प्रयोग होता. सिंग्युलेटचा वरचा भाग अंदाज चुकला की जागा व्हायचा, मग कौल होकाराचा असो वा नकाराचा. स्वीकार की नकार, हा फरक त्याच्या खालच्या भागात दिसला. म्हणजे वरचा भाग दुखण्याची घंटा वाजवतोय की नुसतंच ‘इकडे लक्ष दे, काहीतरी वेगळं घडलंय’ म्हणतोय, हे केवळ उजेडावरून सांगता येत नाही.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र 2016 सालचा आहे. जन्मापासून शारीरिक वेदना जाणवतच नाही अशी फार थोडी माणसं असतात. अशा दोघांना टिम सॅलोमन्स यांच्या गटानं टोचणारी उत्तेजना दिली आणि मेंदू पाहिला. वेदना शून्य. तरीही ज्या भागांच्या जाळ्याला सर्रास ‘वेदनेचं जाळं’ म्हटलं जातं, ते नेहमीच्या माणसांसारखंच उजळलं. दोनच माणसांवरचा अभ्यास, हे खरं. पण वेदना नसतानाही जाळं उजळू शकतं हे दाखवायला दोन माणसं पुरतात.

त्याआधी, 2014 साली, वेगर आणि चूंग-वान वू यांनी प्रश्नच बदलला होता. कोणता भाग उजळतो हे विचारण्याऐवजी त्या भागाच्या आत उजेडाची रचना कशी आहे, हे त्यांनी पाहिलं. एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयच्या, चित्रातला एक ठिपका काही मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात. एखादा भाग म्हणजे अशा शेकडो ठिपक्यांचा समूह. त्या सगळ्यांची सरासरी काढली तर दोन्ही दुःखांत तो भाग ‘जागा’ दिसतो. रात्री दुरून एखादी इमारत पाहावी, तसं हे आहे. आज दिवे लागलेत, कालही लागले होते, एवढंच दिसतं. पण जवळ जाऊन पाहिलं तर काल वेगळ्या खोल्यांत वेगळी माणसं काम करत होती आणि आज वेगळ्या.

त्यांनी 59 जणांच्या नोंदी घेतल्या. प्रयोग तसाच, फोटो आणि चटका. मग संगणकाला दोन ‘ठसे’ शिकवले. चटक्याच्या वेळी ठिपक्यांची रचना कशी असते याचा एक आणि नकार आठवताना कशी असते याचा दुसरा. दोन्ही दुःखं मेंदूसाठी सारखीच असती, तर चटक्याचा ठसा वापरून नकारही ओळखता आला असता. तसं झालं नाही. चटक्याचा ठसा चटका ओळखायचा आणि नकारावर गप्प राहायचा. नकाराच्या ठशाचं नेमकं उलट. ज्या सिंग्युलेटमुळे आणि इन्सुलामुळे ही सगळी गोष्ट सुरू झाली होती, त्यांच्या आतही दोघांच्या रचना वेगळ्याच निघाल्या.

यातून ‘नकाराचं दुःख खोटं’ असा अर्थ अजिबात निघत नाही. पहिल्या प्रयोगातल्या लोकांना फोटो पाहून चटक्याइतकाच त्रास होत होता, हे त्यांनीच दिलेल्या गुणांत दिसतं. अर्थ एवढाच, की ही वेदना शारीरिक वेदनेची नक्कल नाही. तिची स्वतःची घडण आहे. आणि एकदा ‘हाड मोडण्यासारखं’ हे सोडलं, की नकाराचं जे खास लक्षण आहे त्याकडे लक्ष जातं. चटका बसला की आपण हात मागे घेतो. नकार मिळाल्यावर मात्र ज्यानं दुखावलं त्याच्याकडेच जावंसं वाटतं. हात भाजलेला माणूस तव्याचा फोटो उघडून बसत नाही. नकार मिळालेला बसतो, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

या ओढीचा अभ्यास हेलन फिशर, ल्यूसी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केला. नकार मिळालेली, पण अजूनही त्याच व्यक्तीवर जीव असलेली 15 माणसं त्यात होती. नकाराला सरासरी 63 दिवस झाले होते. जागेपणीचा 85 टक्क्यांहून जास्त वेळ त्याच व्यक्तीचा विचार मनात असतो, असं ते सांगत होते. पद्धत साधारण तशीच, प्रिय व्यक्तीचा फोटो, एका ओळखीच्या पण भावना न गुंतलेल्या माणसाचा फोटो आणि मधे मन दुसरीकडे वळवायला मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत जाणं. प्रिय चेहरा दिसताच जे भाग उजळले त्यांत वेंट्रल टेगमेंटल एरिया आणि न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स हे दोन महत्त्वाचे होते. पहिला मेंदूच्या बुडाशी असलेला चेतापेशींचा छोटा पुंजका. तो डोपामिन तयार करतो आणि दुसऱ्यासारख्या भागांकडे पाठवतो. काहीतरी हवंहवंसं मिळवण्यासाठी माणसाला उठवून कामाला लावणारी ही यंत्रणा आहे. कोकेनच्या व्यसनाधीन माणसाला तलफ येते तेव्हाही यातलेच भाग गुंतलेले असतात. गंमत अशी, की सुखानं प्रेमात असलेल्यांच्या मेंदूतही पहिला पुंजका असाच जागा असतो. म्हणजे नकारानं ही यंत्रणा बंद पडत नाही. समोर मिळण्यासारखं काही उरलेलं नसतानाही ती चालूच राहते.

(इथेही उलट्या अनुमानाचा धोका आहेच. पंधरा माणसं फार नाहीत आणि हा भाग उजळला म्हणून प्रेम म्हणजे ‘व्यसनच’ असं म्हणणं घाईचं ठरेल. पण लोक जे सांगतात, जे करतात आणि चित्रात जे दिसतं, ते इथे एका दिशेला बोट दाखवतं.)

ही यंत्रणा निराशेला कसं तोंड देते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून बरंच कळलंय. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांच्या डोपामिन पेशींची हालचाल नोंदवली. रसाचा घोट अनपेक्षितपणे मिळाला, की त्या पेशी उसळायच्या. घोटाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की उसळी घोटाऐवजी दिव्यालाच यायची. आणि दिवा लागूनही घोट आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीखाली जायची. अपेक्षा होती आणि ती फसली, याची ती नोंद.

आता दोन वर्षांचं नातं डोळ्यांसमोर आणा. फोनची ठरावीक रिंगटोन, सकाळचा मेसेज, ऑफिस सुटण्याची वेळ, रविवारची दुपार, एक विशिष्ट परफ्यूम. हे सगळे ‘दिवे’ आहेत, शेकडो वेळा लागलेले, आणि त्यांच्या मागून प्रत्येक वेळी माणूस आलेला. नातं एका संध्याकाळी संपतं, दिवे मात्र जागच्या जागी असतात. सकाळ होतेच, फोन वाजतोच. प्रत्येक वेळी अपेक्षा उठते आणि फसते. माणसांच्या ब्रेकअपमध्ये ही घसरण पेशींच्या पातळीवर कुणी मोजलेली नाही, तेव्हा हा जोड अनुमानाचाच आहे. पण नकाराचं दुःख एकदा जोरात येऊन ओसरण्याऐवजी दिवसातून वीस वेळा नव्यानं का टोचतं, हे यातून चांगलं समजतं.

उपाय तसा सोपा वाटतो. दिवा लागत राहिला आणि मागून काहीच आलं नाही, की मेंदू हळूहळू अपेक्षा सोडतो. पण त्यात एक जुना, चांगला तपासलेला खोडा आहे. बक्षीस दरवेळी न मिळता अधूनमधून, बेभरवशाचं मिळालं असेल, तर ती सवय सुटायला जास्त वेळ लागतो. तीन आठवडे काही नाही, आणि मग अचानक जुन्या फोटोला एक लाइक. किंवा रात्री उशिरा ‘कशी आहेस?’ एवढेच दोन शब्द. पाठवणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण ज्याला ते येतात, त्याची यंत्रणा त्यातून एवढंच शिकते, की वाट पाहिली तर कधीतरी येतं. ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, असं लोंबकळत ठेवलेलं नातं स्पष्ट नकारापेक्षा जास्त छळतं, त्यामागे हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. सोडून गेलेल्या जोडीदाराचं फेसबुक वारंवार तपासणाऱ्यांना जास्त त्रास होतो असं पाहण्यांत दिसलं आहे. तपासल्यामुळे त्रास की त्रासामुळे तपासणं, हे त्यातून ठरत नाही. बहुधा दोन्ही.

मेंदू मात्र या सगळ्यात नुसताच मार खात बसत नाही. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या डेव्हिड शू यांच्या गटानं डेटिंग प्रोफाइल वापरून एक प्रयोग केला. लोकांनी आवडलेली प्रोफाइल निवडली आणि मग स्कॅनरमध्ये त्यांना ‘त्या व्यक्तीला तुमच्यात रस नाही’ असं दाखवलं गेलं. वेदना कमी करणारी मेंदूची स्वतःची अफूसारखी रसायनं त्या वेळी काही भागांत सुटताना दिसली. शरीराला लागल्यावर जी सुटतात, तीच. विशेष म्हणजे ही प्रोफाइल खरी नाहीत आणि नकारही खरा नाही, हे लोकांना आधीच सांगितलेलं होतं. तरीही वाईट वाटलं आणि तरीही रसायन सुटलं. ‘त्यात काय एवढं, विसरून जा’ या सल्ल्याचा उपयोग का होत नाही, याचं उत्तर यात आहे. नकाराला प्रतिसाद देणारी यंत्रणा आपल्या समजुतीची फार वाट पाहत नाही.

रसायनांचा असा दुवा दिसल्यावर कुणीतरी गोळी देऊन पाहणारच. नेथन डीवॉल यांच्या गटानं 2010 साली तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल देऊन पाहिलं. गोळी घेणाऱ्यांनी रोजच्या लहानसहान दुखावण्यांची नोंद नकली गोळीवाल्यांपेक्षा किंचित कमी केली. हा निष्कर्ष फार गाजला, पण परिणाम लहान होता, गट लहान होता आणि त्यात प्रेमभंगाचा प्रश्नच नव्हता. जास्तीच्या पॅरासिटामॉलनं यकृताची हानी होते, तेव्हा मन दुखतंय म्हणून ही गोळी घेऊ नये.

त्यापेक्षा मला 2017 सालचा लिओनी कोबान यांचा प्रयोग जास्त विचार करायला लावतो. नुकतंच ब्रेकअप झालेल्या 40 जणांना नाकात एक फवारा दिला. फवाऱ्यात होतं मिठाचं पाणी. निम्म्यांना तसं खरं सांगितलं. उरलेल्यांना सांगितलं, की हे भावनिक वेदना कमी करणारं प्रभावी औषध आहे. नंतर जोडीदाराचा फोटो पाहताना या दुसऱ्या गटाला कमी वाईट वाटलं, आणि भावनांना आवर घालण्यात भाग घेणारा कपाळामागचा एक भाग त्यांच्यात जास्त जागा होता. म्हणजे ‘त्यात काय एवढं’ म्हणून दुःख नाकारल्यानं काही हाती लागत नसलं, तरी ‘मी यावर काहीतरी करतोय आणि त्यानं फरक पडेल’ या भरवशानं थोडं लागतं.

आणि मुद्दाम विचार बदलून पाहिला तर? 2018 साली सँड्रा लँगेस्लाग यांनी मन दुखावलेल्या 24 जणांना तीन वाटा करून पाहायला लावल्या. जोडीदाराच्या वाईट सवयी आठवणं, ‘मला अजून प्रेम वाटतं आणि त्यात गैर काही नाही’ असं मानून घेणं, किंवा सरळ मन दुसरीकडे वळवणं. वाईट सवयी आठवल्यानं प्रेमाची भावना खरंच उतरली, पण त्या वेळी मूड आणखी बिघडला. मन वळवल्यानं मूड सुधारला, पण प्रेम होतं तेवढंच राहिलं. मेंदूतल्या विद्युत लहरींवरून पाहिलं तर फोटोची पकड मात्र तिन्ही वाटांनी थोडी सैल झाली. फुकटची वाट एकही नाही. सकाळी कामावर जायचंय तर मन वळवणं बरं, आणि पुन्हा फोन लावायला हात शिवशिवत असेल तर जोडीदाराची ती वाईट सवय आठवणं बरं, इतपत निवड त्यातून करता येते. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र अशा युक्त्यांवर विसंबू नये, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं.

हे किती दिवस चालेल, याचा अंदाज मात्र ज्याला दुखतंय त्याला फारसा नीट बांधता येत नाही. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी नात्यात असलेल्या विद्यार्थ्यांना, नातं तुटलं तर किती वाईट वाटेल, असं आधीच विचारून ठेवलं होतं. काहींची नाती पुढच्या काही महिन्यांत खरंच तुटली. तेव्हा प्रत्यक्ष त्रास त्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी भरला, आणि ज्यांचं प्रेम सर्वांत उत्कट होतं त्यांचाच अंदाज सर्वांत जास्त चुकलेला होता.